अंघोळीनंतर कानाला दडा बसलाय, थेंब घालू की थेट डॉक्टर गाठू?

रानवारा

परवा डोक्यावरून अंघोळ केली आणि बाहेर येईपर्यंत उजवा कान बंद. आधी वाटलं पाणी गेलं असेल, म्हणून मान तिरकी करून, एका पायावर उड्या मारून झालं. काही निघालं नाही. तेव्हापासून त्या बाजूचं सगळं दबकं, लांबून आल्यासारखं ऐकू येतंय. फोन उजव्या कानाला लावला तर शब्द कळत नाहीत, डाव्याला लावला की सगळं ठीक. उलट स्वतःचं बोलणं आणि घास चावल्याचा आवाज मात्र डोक्यात घुमतो.

दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही, गरगरतही नाही. मळच असावा असा माझा अंदाज आहे. घरात कापसाच्या काड्या आहेत आणि हात शिवशिवतोय, पण घातलेली नाही अजून. औषधाच्या दुकानात मळ मऊ करायचे थेंब मिळतात म्हणे. ते आपल्या मनाने घातले तर चालतात का? की आधी डॉक्टर?

बोकोबा

यात विचार कसला करताय! हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, चार थेंब टाका, फसफस ऐकत पडून राहा. मळ आपोआप वर येतो. मग काडीने हलकेच टिपून घ्यायचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं, कुणाचा कान गळून पडलेला नाही.

आडवाटेचा

मला विमानातून उतरलो की दर वेळी असं होतं. नाक दाबायचं, तोंड मिटायचं आणि हळूच हवा सोडायची. टप् आवाज होतो आणि कान मोकळा. करून बघा, फुकटचा उपाय आहे.

रानवारा

आडवाटेचा, मी विमानात नव्हतो हो, न्हाणीघरात होतो. :) तरी केलं. डावा टप् झाला, उजवा ढिम्म.

कर्णोपकर्णी

कान-नाक-घशाच्या ओपीडीत माझं आयुष्य गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आडवाटेचा सांगताहेत तो प्रकार वेगळा. विमानात पडद्याच्या आतल्या बाजूचा दाब बिघडतो आणि आतली नळी उघडली की तो सुटतो. मळ पडद्याच्या बाहेर असतो. नाक दाबून तुम्ही जन्मभर फुंकलंत तरी तो हलणार नाही. उगाच जोर लावू नका.

रानवारा, थेंबांचं नंतर बघू. आधी एक गोष्ट करा. शांत खोलीत बसा, तोंड मिटा आणि खालच्या सुरात 'म्म्म्म' असं गुणगुणत राहा. तो आवाज कुठल्या बाजूला जास्त वाटतो? बंद कानाच्या की चांगल्या कानाच्या? याचं उत्तर इथे लिहा, पुढचं त्यावर अवलंबून आहे.

शिवाय तीन गोष्टी सांगा. कधी कानाचं ऑपरेशन झालंय का? पडद्याला भोक असल्याचं कधी कुणी सांगितलंय का, किंवा लहानपणी कान वाहायचा का? आणि मधुमेह आहे का?

रानवारा

गुणगुणून पाहिलं. स्पष्टपणे उजव्या बाजूला, म्हणजे बंद कानातच मोठा वाटतो. गंमत म्हणजे मला उलट वाटलं होतं, की जो कान बंद तिथे सगळंच कमी ऐकू येईल.

ऑपरेशन नाही, मधुमेह नाही. आईला फोन करून विचारलं, कान कधी वाहिला नाही म्हणाली. आणि 'तेल घाल कोमट करून' हेही म्हणाली, अर्थातच.

कर्णोपकर्णी

छान. मग बहुतेक मळच.

वाचणाऱ्यांपैकी कुणालाही हे आत्ता करून पाहता येईल. गुणगुणता गुणगुणता एका कानात बोटाचं टोक हलकेच दाबून बसवा. आवाज लगेच त्या बाजूला सरकेल. वाट बाहेरून बंद झाली की हाडांतून आत पोचलेला आपलाच आवाज तिथे कोंडतो. रानवाराला स्वतःचं बोलणं आणि चावणं घुमतंय तेही यामुळेच.

पण कान बंद वाटतोय आणि गुणगुणणं चांगल्या कानात मोठं वाटतंय, असं असेल तर अडथळा बाहेरच्या वाटेत नसून आतल्या नसेकडे असू शकतो. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं नसेमुळे जाणं ही तातडीची बाब आहे. त्याला स्टेरॉइडचे उपचार असतात, ते जितके लवकर सुरू होतील तितका फायदा जास्त, आणि पहिले दोन आठवडे उलटले की हाती फारसं उरत नाही. त्या माणसालाही नेमकं 'कानाला दडा बसलाय' असंच वाटतं. म्हणून आधी गुणगुणायला सांगितलं.

ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. दोन्ही कान बंद असतील तर तिचा काही उपयोग नाही. मळ आणि नसेचा बिघाड दोन्ही एकाच कानात असतील तर ती चकवते. शंका आली की कान तपासूनच घ्यायचा.

तिसरी_घंटा

वरच्या मुद्द्याला दुजोरा. आमच्या नात्यातल्या एका काकांचा डावा कान सकाळी उठल्यावर बंद झाला, सोबत शिट्टीसारखा आवाज. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की मळ आहे. जवळपास तीन आठवडे तेल घालत राहिले. शेवटी डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं तर कान स्वच्छ, तेलाशिवाय आत काही नाही. ऐकण्याची तपासणी केली तेव्हा नस गेल्याचं कळलं. औषध दिलं, पण ऐकणं थोडंच परत आलं. पहिल्या दिवशी कुणी फक्त कानात डोकावलं असतं तरी पुरे होतं.

सांजवेळ

बाप रे. हे गुणगुणण्याचं माहीतच नव्हतं. पण मळाचं एक कळत नाही, तो रोज थोडाथोडा साठत असेल ना? मग अंघोळीनंतर पाच मिनिटांत अचानक कसा काय बंद होतो कान?

कर्णोपकर्णी

कारण कानाला बारीकशी फटसुद्धा पुरते. वाट जवळजवळ भरलेली असली तरी कडेला केसाएवढी जागा उघडी असेल तर माणसाला ऐकण्यात फरक जाणवत नाही. त्यात पाणी गेलं की मळ आणि त्यात मिसळलेली मेलेली कातडी फुगते, ती शेवटची फट बुजते आणि माणूस म्हणतो, आत्ता तर ठीक होतं!

आता मुळात तो साठतो का, हे सांगते, म्हणजे काडीचं आपोआप कळेल. मोठ्या माणसाच्या कानाची वाट साधारण अडीच सेंटीमीटर असते. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात, जिथे केस आणि ग्रंथी आहेत. आतल्या बाजूला, पडद्याजवळ, मळ बनतच नाही. शिवाय तिथली कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेने अगदी सावकाश सरकत असते, सरकत्या पट्ट्यासारखी, आणि मळाला सोबत घेऊन येते. जबडा हलला की त्याला मदत होते. म्हणजे बहुतेकांचा कान स्वतःच स्वतःला झाडून घेतो.

काडी त्या पट्ट्याच्या उलट जाते. बोंडावर पिवळं लागलेलं दिसतं, माणूस खूश होतो, पण जेवढं बाहेर आलं त्याहून जास्त आत ठोसलं गेलेलं असतं. पडद्याला चिकटलेला कडक गोळा दिसला की तो आपणहून तिथे गेलेला नाही, हे आम्हाला न विचारता कळतं.

बोकोबा

म्हणजे माझी टिपून घ्यायची पद्धत चूक? मी आत घालत नाही हो, फक्त दाराशी.

कर्णोपकर्णी

दाराशी म्हणजे कुठे, हाच तर घोटाळा आहे. बाहेरच्या पाळीच्या खळग्यात टॉवेलचं टोक फिरवा, हरकत नाही. भोकाच्या आत मात्र काहीच नाही. बोंडवाली काडी नाही, हेअरपिन नाही, काड्यापेटीची काडी, किल्ली, पेनाचं टोपण, कानकोरणं, काहीही नाही. आतली कातडी हाडावर इतकी पातळ बसलेली असते की नुसतं नख लागलं तरी रक्त येतं, आणि ओरखड्यातून जंतू शिरले की तो ठणका माणसाला रात्रभर बसवून ठेवतो. पडदा फाटलेले बहुतेक रुग्ण मी पाहिले ते 'मी हळूच घालत होतो, कुणाचा तरी धक्का लागला' असंच सांगणारे.

काहींना कानात काही लागलं की खोकल्याची उबळ येते. कानाच्या वाटेत पोटाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेची एक फांदी असते, तिचा हा चाळा. कान कोरताना खोकला येतो आणि हात हलतो, तेव्हा काय होईल ते सांगायला नको.

आणि कानात मेणाची पोकळ वात लावून पेटवण्याचा जो प्रकार आहे तो तर अजिबात नको. त्याने मळ ओढला जात नाही. वातीत शेवटी जे पिवळं उरतं ते तिचंच मेण असतं. भाजणं आणि पडद्यावर मेण सांडणं मात्र खरंखुरं होतं. अमेरिकेच्या एफडीएने याविरुद्ध इशारा दिलेला आहे.

रानवारा

पटलं. काड्या कपाटात ठेवल्या. आता थेंबांचं सांगा. दुकानात तीन प्रकार दाखवले, एकात सोडा आहे, एकात ऑलिव्ह तेल, तिसऱ्यात कसलंसं मोठं नाव आहे आणि सोबत बधिर करायचं औषध.

हिशेबनीस

कोणतेही घ्या. मी गंमत म्हणून यावरचं संशोधन वाचलं होतं. कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात निरनिराळ्या थेंबांचे प्रयोग एकत्र करून पाहिलेत. निष्कर्ष असा की पाच दिवस थेंब घातलेल्यांचे कान, काहीच न घातलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पूर्ण साफ झाले, पण एक थेंब दुसऱ्यापेक्षा सरस आहे असं काही सिद्ध झालं नाही. साध्या पाण्यापेक्षा किंवा मिठाच्या पाण्यापेक्षा औषधी थेंब भारी आहेत असंही नाही. आणि थेंब घालूनही पूर्ण साफ झालेले कान पाचात एकाच्या आसपासच होते, हेही ध्यानात असू द्या. बाकीचे डॉक्टरकडे जाणारच.

कर्णोपकर्णी

हिशेबनीस बरोबर आहेत, आणि शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. थेंबांचं मुख्य काम मळ मऊ करणं. तो आपसूक निघाला तर उत्तम, नाही निघाला तर डॉक्टरांना तो न दुखवता काढता येतो. कडक मळ ओरबाडून काढायचा म्हणजे दोघांनाही घाम.

निवड मग सोयीची. ऑलिव्ह तेल सौम्य, कोरड्या मळाला छान. बदामाचं तेलही चालतं, मात्र शेंगदाणे-बदाम असल्या कशाचीही ॲलर्जी असेल तर ते टाळा, आणि तयार थेंबांच्या डबीवर शेंगदाण्याचं तेल लिहिलंय का हेही पाहा. पाच टक्के सोड्याचे तयार थेंब मळ चांगला भिजवतात, पण जास्त दिवस घातले तर कातडी कोरडी पडते, चुरचुरते. घरच्या सोड्याचं मिश्रण करून कानात ओतू नका. बधिर करणाऱ्या औषधाचे थेंब मी स्वतःहून घ्यायला सांगत नाही, कारण कधीकधी त्यांनीच आग होते, आणि दुखत असेल तर दुखणं झाकण्याऐवजी ते का दुखतंय हे पाहायला हवं.

आणि बोकोबा, तुमचं पेरॉक्साइड अगदीच टाकाऊ नाही. सौम्य पेरॉक्साइडचे कानाचे तयार थेंब मिळतात. पण बाटलीतलं जास्त तीव्रतेचं पेरॉक्साइड अंदाजाने ओतलं तर कातडी सोलपटते. फसफस होते म्हणजे साफ होतंय असंही नाही, तो फक्त वायूचा आवाज.

रानवारा, तुम्ही ऑलिव्ह तेल घ्या, ड्रॉपरच्या बाटलीतलं. सकाळी आणि रात्री, प्रत्येक वेळी तीन-चार थेंब. तीन ते पाच दिवस. पद्धत अशी:

बाटली मुठीत किंवा खिशात दोन-तीन मिनिटं धरा, अंगाइतकी कोमट होईपर्यंत. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. गार थेंब गेले तर आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या बिथरतात आणि खोली गरागरा फिरते. तेल तापवून घालणं तर पडदा भाजण्याचा खात्रीचा मार्ग, आईला माझा नमस्कार सांगून हे नक्की सांगा. मग डाव्या कुशीवर झोपा, उजवा कान वर. पाळी वर आणि मागे ओढा, त्याने वाट सरळ होते. थेंब भिंतीवरून ओघळू द्या, थेट मध्ये टाकू नका, म्हणजे हवा अडकत नाही. भोकाच्या पुढे जो मऊ उंचवटा असतो तो बोटाने चार-पाच वेळा हलकेच दाबून सोडा. पाच ते दहा मिनिटं तसेच पडून राहा. उठल्यावर बाहेर ओघळलेलं पुसा. कापसाचा बोळा ठासू नका, तो तेल पिऊन टाकतो.

एक इशारा आत्ताच देते. पहिल्या एक-दोन दिवसांत कान आणखी बंद वाटेल. मळ फुगतो म्हणून. घाबरून काडी हातात घेण्याचा क्षण नेमका तोच असतो.

सांजवेळ

माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाच्या कानात मळ दिसतो, पिवळा, अगदी भोकाशी. ऐकू व्यवस्थित येतं त्याला. घालू का हेच थेंब?

कर्णोपकर्णी

ऐकू येतंय, कान दुखत नाही, मग कशाला? दिसणारा मळ म्हणजे बाहेर निघालेला मळ. राहू द्या. मुलांना डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय थेंब नकोतच. अंघोळीत बाहेरून ओल्या कपड्याने पुसा.

पण या वयात कानात मळाऐवजी मणी, दाणा, खडू, खेळण्यातली बटणासारखी बॅटरी निघते. दाणा तेला-पाण्याने फुगतो आणि बॅटरी काही तासांत कातडी जाळते. त्यामुळे काही घातलं असेल अशी शंका आली तर थेंब नाही, चिमटा नाही, उपाय शोधत बसणं नाही. थेट दवाखाना. बॅटरी असेल तर रात्री दोन वाजलेले असले तरी.

तिसरी_घंटा

माझ्या वडिलांना श्रवणयंत्र आहे. मध्यंतरी ते सतत शिट्टी मारायला लागलं. यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्तीला दिलं, तिथल्या बाईंनी कान पाहून सांगितलं की मळ आहे, यंत्र ठीक आहे. यंत्र असलेल्यांना मळ जास्त होतो का? आणि त्यांना हे थेंब चालतील का?

कर्णोपकर्णी

बनतो तेवढाच, पण यंत्र वाट अडवून बसतं, त्यामुळे सरकत बाहेर यायला जागा नसते. तासन्तास कानात फोनचे बोंडे घालून बसणाऱ्यांचंही तेच. वय वाढलं की मळ कोरडा होतो, कानातले केस जाड होतात, हीही भर पडते. यंत्राचा आवाज मळावर आपटून परत फिरतो म्हणून शिट्टी.

थेंब घालायचे तर रात्री, यंत्र काढल्यावर, आणि सकाळी कान बाहेरून पुसून मगच यंत्र. नाहीतर तेल यंत्रात शिरतं. मात्र मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. अशा कानात साधा जंतुसंसर्गही हाडापर्यंत पोचू शकतो.

रानवारा

दुसरा दिवस संपला. भाकीत खरं ठरलं, कान पार दगड झालाय. पण दुखत नाही. सकाळी उशीवर तपकिरी डाग होता, थोडा बोटालाही लागला, मऊ मेणासारखा. नाद सोडू की घालत राहू?

कर्णोपकर्णी

घालत राहा. डाग म्हणजे विरघळायला लागलाय. दुखायला लागलं, खाज सुटून जळजळ झाली, पिवळा-हिरवा स्राव आला, किंवा गरगरलं, तर त्याच क्षणी बंद आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

हिशेबनीस

पाच दिवस झाल्यावर रबरी फुग्याची पिचकारी वापरायला काय हरकत आहे? ती स्वतः वापरायला सांगणारेही डॉक्टर आहेत. कोमट पाणी हळू मारायचं, सोबत मळ येतो. दवाखान्याची रांग वाचते.

कर्णोपकर्णी

इथे माझं तुमच्याशी जमत नाही. अगदी चूक म्हणणार नाही. मळ पुरता मऊ झालेला, पडदा धड असल्याची खात्री, दुसरा कान चांगला, मधुमेह नाही, पाणी बरोबर ३७ अंशांचं, पिचकारीचं टोक वाटेच्या दाराशी, धार वरच्या-मागच्या भिंतीवर आणि बाजूने पाणी परतायला जागा, एवढं सगळं जुळलं तर होऊ शकतं. पण घरी पडद्याची खात्री कोण देणार? ज्याला आयुष्यात कधी दुखलं नाही अशांच्या पडद्याला जुनं भोक निघालेलं मी पाहिलंय. अशा भोकातून पाणी आत गेलं की मधला कान पिकतो.

हिशेबनीस

हे प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणता येईल. निरोगी माणसाने सावधपणे केलं तर धोका कमी आहे, आणि तज्ज्ञापर्यंत पोचणं सगळ्यांनाच सोपं नसतं.

कर्णोपकर्णी

मान्य, पोचणं सोपं नसतं. म्हणून 'कधीच नाही' असं मी म्हटलं नाही. पण धागा वाचून कुणी आज रात्री पिचकारी मारायला घेऊ नये, एवढंच. आणि ज्याचा एकच कान चालतो त्याने तर मुळीच नाही. त्या कानाला जपायला पर्याय नसतो.

बोकोबा

जरा विषयांतर. हल्ली छोट्या कॅमेऱ्याचं कानकोरणं मिळतं, फोनवर आतलं सगळं दिसतं. मग तर ठीक ना? डोळ्यांनी बघूनच काढतोय आपण.

कर्णोपकर्णी

बोकोबा, तुम्ही मला निवृत्त होऊ देणार नाही. दिसणं आणि खोली कळणं यात फरक आहे. फोनच्या स्क्रीनवर चित्र सपाट असतं, मागे किती जागा आहे ते त्यात कळत नाही, आणि हात हलला की चित्र उलटं फिरतं. आम्हाला माइक्रोस्कोपमधून दोन डोळ्यांनी बघायला शिकवतात ते त्यासाठीच. बघायचं असेल तर बघा, पण टोकाचा चमचा काढून ठेवा.

रानवारा

अपडेट. पाच दिवस संपले. थोडा उजाळा आला, मध्येच टप् होऊन दोन मिनिटं स्वच्छ ऐकू यायचं आणि पुन्हा बंद. म्हणून आज डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आधी दोन्ही कान पाहिले, डावासुद्धा. मग आडवं करून माइक्रोस्कोप लावला आणि बारीक नळीने मळ ओढून काढला. आवाज भयंकर, कानातच कुणी पंप लावल्यासारखा, आणि नळी भिंतीला लागली तेव्हा एकदा गरगरलं, पण ते काही सेकंदांत थांबलं. दुखलं नाही. शेवटी बोटाच्या पेराएवढा काळपट तुकडा निघाला. डॉक्टर म्हणाले, मऊ करून आणलात म्हणून चटकन झालं. मग ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून आवाज मध्ये येतो का विचारलं. आला.

आता अडचण वेगळीच. सगळं फार मोठं ऐकू येतंय. कागदाचा चुरचुर आवाजही टोचतो. हे जातं ना?

कर्णोपकर्णी

जातं, एक-दोन दिवसांत सवय होते. तपासून घेतलंत ते बरं केलंत, आणि मळ काढल्यावर आवाज मध्ये आला म्हणजे दोन्ही बाजू सारख्या आहेत. मळ निघूनही ऐकू कमीच राहिलं असतं तर ऐकण्याची पूर्ण तपासणी त्याच दिवशी करायला सांगितलं असतं.

चार-पाच दिवस त्या कानात पाणी जाऊ देऊ नका. अंघोळीला कापसावर थोडं व्हॅसलीन चोळून तो बाहेरच ठेवा. कातडी नुकतीच उघडी पडली असते.

सांजवेळ

असं पुन्हा होऊ नये म्हणून दर आठवड्याला दोन थेंब तेल घालत राहावं का? कुणी म्हणतं घाला, कुणी म्हणतं काहीच करू नका.

कर्णोपकर्णी

ज्याला कधीच त्रास झालेला नाही त्याने काहीच करू नये. ज्याचा कान वर्षातून दोनदा बंद होतो, किंवा यंत्र वापरतो, त्याला मी आठवड्यातून एकदा थोडं तेल सांगते. फायदा होतो असं माझं निरीक्षण आहे.

हिशेबनीस

निरीक्षण आणि पुरावा वेगळे. माझ्या बघण्यात आलेला पुरावा तुटपुंजा आहे, आणि ओलसर कानात तेल घालून बुरशी झालेलेही लोक आहेत.

कर्णोपकर्णी

बुरशी झाल्याचे मीही पाहिलेत, बहुधा रोज पोहणारे आणि शिवाय रोज तेल घालणारे. त्यामुळे खाज सुटली, पांढरट किंवा काळपट कापसासारखं काही दिसलं, की तेल थांबवून दाखवायला जा. बाकी आठवड्यातून एकदा की नाही, यावर आपलं दोघांचं एकमत होईल असं वाटत नाही.

आडवाटेचा

मी अजून विमानाच्याच प्रश्नावर आहे. मळ असताना विमानात बसलं तर चालतं का?

कर्णोपकर्णी

चालतं. दोन वेगळ्या वाटा आहेत. पण मळ आणि सर्दी दोन्ही असतील, नाक दाबूनही टप् होत नसेल आणि उतरताना कान दुखत असेल, तर आधी सर्दी बरी होऊ द्या. अशा वेळी नाक दाबून जोराने फुंकायचं नाही. आणि दुखत असताना कानात थेंबही घालायचे नाहीत, हे तुम्ही वर वाचलं असेलच.